भरलेली बस सोडणाऱ्या आनंदीबाई

पडदा वर जातो आणि दिसतो सकाळच्या साडेसहाचा कात्रजचा बसथांबा. हिंजवडीची बस खच्चून भरली आहे आणि वर्ध्याहून इंटर्नशिपसाठी आलेली शेफाली पायरीवर लोंबकळते आहे. महिनाभर रोज दोन-दोन तास उभं राहून तिचे पाय सुजलेत, कामावर डुलक्या लागतात. आज साहेबांना ‘जमत नाही’ सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलंय.

“उतर खाली, पोरी.”

थांब्यावरून हाक मारली ती आनंदीबाईंनी. शेफालीच्याच हिंजवडीतल्या कंपनीच्या कँटीनमध्ये त्या पोळ्या लाटतात. अठरा वर्षं हाच रस्ता.

“पण मावशी, उशीर होईल ना!”

“दुसरी गाडी पंधरा मिनिटांत हाय. रांगेत पहिली राहा, बसायला मिळंल. लवकर पोचून टेबलावर झोपतीस, त्यापरीस गाडीत झोप की.”

शेफाली उतरली. पुढच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. आनंदीबाईंनी मोबाईल पिशवीत टाकायला लावला, हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि हिंजवडीच्या अलीकडचं वाकड येताच झोपलेल्या शेफालीचा खांदा हलवला.

त्या दिवशी कामावर डुलकी लागली नाही. साहेबांना सांगायचं होतं ते सांगायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच शेफाली रांगेत पहिली उभी. चढली, खिडकी धरली आणि मागून आलेल्या आनंदीबाईंना तिथं बसवलं.

आनंदीबाईंनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “अठरा वर्षांत मला कुणी उठवलं न्हाई. आज तू उठीव, वाकड आलं की.”