कच्च्या टाक्याचे गुण

आमच्या अध्यापक महाविद्यालयात मूल्यमापन शिकवणाऱ्या सरांना सगळे निकषसर म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, आणि त्यांना ते आवडायचं. कुठलीही गोष्ट नुसती 'छान' म्हटलेली त्यांना चालायची नाही. "छान म्हणजे नेमकं काय दिसलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. घरी त्यांनी चहाबद्दल एकदा असंच काही काढलं, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "प्यायचा तर प्या, नाहीतर कप इकडे द्या." सरांनी निमूट चहा प्यायला. मी एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, त्यामुळे हे किस्से मला पाठ आहेत.

त्या वर्षीचा त्यांचा पहिला तास मी मागच्या बाकावरून पाहिला, कारण माझा वर्ग रंगवायला काढला होता. सरांनी एका शाळकरी मुलाचा परिच्छेद सगळ्यांना वाटला आणि दहापैकी गुण द्यायला सांगितले. गुण आले तीनपासून नऊपर्यंत. एकानं हस्ताक्षर बघितलं होतं, एकीनं शुद्धलेखन, आणि नऊ देणाऱ्याला ते मूल बिचारं वाटलं होतं. "परिच्छेद एकच, मूल एकच," सर म्हणाले, "नशीब मात्र तपासणाऱ्यागणिक वेगळं. म्हणून रुब्रिक लागतं. काय बघायचं ते आधी ठरवा, मग प्रत्येक पातळीला काय दिसेल ते लिहा. उत्तम, बरं, सुमार असले शब्द नकोत."

मग सराव पाठांसाठी सगळ्यांनी मिळून रुब्रिक बनवलं. निकष चार, प्रत्येकाला चार पातळ्या. त्यातला 'प्रश्न विचारणे' हा निकष फळ्यावर असा उतरला:

पातळी १: शिक्षक प्रश्न विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो.
पातळी २: हात वर करणाऱ्या ठरावीक मुलांनाच विचारतो.
पातळी ३: प्रश्नानंतर थांबतो, वेगवेगळ्या मुलांना विचारतो.
पातळी ४: मुलाच्या उत्तरावरून, चुकलेल्यासुद्धा, पुढचा प्रश्न काढतो.

आकारिक आणि संकलित मूल्यमापन यांतला फरक सांगायला सरांकडे बारा मिनिटांचं भाषण तयार होतं. पण वर्गातल्या ताईंनी ते होऊ दिलं नाही. ताई म्हणजे अडतीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थी, आधी पंधरा वर्षं शिवणकाम केलेल्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सर, आकारिक म्हणजे ट्रायल. कच्चा टाका घालून अंगावर बघायचं, उसवायला वाव असतो. संकलित म्हणजे पक्की शिलाई करून गिऱ्हाइकाला दिलं, आता ते घालून बघेल आणि काय ते ठरवेल."

सरांचा चेहरा पडला, मग खुलला. "सराव पाठ म्हणजे तुमचा कच्चा टाका," ते म्हणाले. "ते कुठेही धरले जाणार नाहीत. निकाल फक्त शेवटच्या पाठावर." हे वाक्य तीस जणांनी ऐकलं आणि मीही ऐकलं.

ताईंचा पहिला सराव पाठ मी बघितला आहे. त्यांनी चाळीस मिनिटांत एकवीस प्रश्न विचारले आणि एकवीसही उत्तरं स्वतःच दिली. पण सर दर पाठानंतर एकच गोष्ट सांगायचे आणि ताई तेवढीच धरून बसायच्या. "प्रश्न विचारलात की मनात पाच अंक मोजा," असं सांगितलं तर पुढच्या पाठात त्यांचे ओठ मोजताना हलायचे. सहाव्या पाठापर्यंत वर्ग त्यांच्याशी बोलायला लागला होता.

आणि इथे माशी शिंकली. कागदावर आकडा दिसला की शिकणारा शेरा वाचत नाही, म्हणून सरावात आकडे घालू नका, हे सर दरवर्षी शिकवायचे. स्वतः मात्र निरीक्षण वहीत शेऱ्याशेजारी चौकट आखून सोळापैकी गुण लिहायचे. का, तर भरलेला तक्ता त्यांना बघायला आवडायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या वर्षी प्राचार्याबाईंनी वह्या मागवल्या, आणि आयते आकडे बघून लिपिकाला सगळ्यांची सरासरी काढायला सांगितली, तीच निकाल म्हणून.

ताईंचे गुण होते चार, चार, पाच, आठ, अकरा, तेरा. सरासरी साडेसात. उत्तीर्ण व्हायला आठ हवे. त्याच यादीत एक मुलगा सहाही पाठांत नऊवर बसून राहिला होता, तो पास. चारवरून तेरावर चढलेली बाई नापास. तिला एका शाळेत जागा कबूल झाली होती, ती या प्रमाणपत्रावर अडली होती.

सर प्राचार्याबाईंकडे गेले आणि मला साक्षीला ओढून नेलं.

"बाई, ट्रायलच्या सगळ्या मापांची सरासरी काढून पक्की शिलाई करतात का? कपडा कुणाच्या अंगाला बसेल?"

"आकडे तुम्हीच लिहिलेत ना, सर? आकडे आहेत म्हणजे गुण आहेत."

"ती माझी चूक आहे."

"मग तसं लेखी द्या. सगळ्यांसाठीच शेवटचा पाठ धरू, बाहेरचा परीक्षकही बोलावू. पण पत्र तुमच्या फायलीला लागेल, आणि विभागप्रमुख नेमायची बैठक पुढच्या महिन्यात आहे."

सरांनी तिथेच उभ्या उभ्या पत्र लिहिलं. त्यात त्यांनी स्वतःची चूक इतकी नेमकी वर्णन केली होती की ती पातळी एकला चपखल बसत होती. विभागप्रमुखाची खुर्ची पुढे माझ्याकडे आली. मी नको म्हटलं नाही. पण त्या दिवशी मला माझी लाज वाटली, कारण असं पत्र मी लिहिलं नसतं.

शेवटच्या पाठाला ताईंनी पाचवीच्या वर्गाला विचारलं, अर्धा मोठा की एक तृतीयांश? एक मुलगी म्हणाली, एक तृतीयांश, कारण तीन मोठे. ताई थांबल्या. चूक म्हणाल्या नाहीत. दोन सारख्या कागदी पट्ट्या तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "एकीचे दोन भाग कर, दुसरीचे तीन. आता कुठला तुकडा लांब?" मुलगी पट्ट्या मापत राहिली आणि वर्ग माना उंचावून बघत राहिला. बाहेरच्या परीक्षकांनी चौदा दिले. निकषसरांनी तेरा दिले. ज्यांनी ताईंसाठी खुर्ची घालवली, तेच कंजूष निघाले.

निकाल लागला, पोरं पेढ्यांच्या मागे पळाली. इतक्या वर्षांत निकालानंतर सरांकडे कुणी फिरकलेलं मी पाहिलं नव्हतं. एकदा पास झालं की शिकण्याचं काम संपतं, अशीच सगळ्यांची समजूत. ताई मात्र शिक्षकखोलीत आल्या आणि सरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"सर, पास झाले ते कळलं. आता कुठे कमी पडले ते सांगा. सोमवारी मला वर्गावर उभं राहायचंय."

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "खिडकीजवळच्या दोन मुलांना तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. पट्ट्या एकीच्याच हातात दिल्यात, बाकीची नुसती बघत बसली. सगळ्यांना द्यायला हव्या होत्या."

ताईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि मान वर केली.

"हे कुठे धरणार नाही ना, सर?"

"नाही," सर म्हणाले. "बसा, अजून एक सांगायचंय."