राजमहंमदचं काचेचं कपाट

राजमहंमद तांबोळी लोणावळ्याच्या बाजारात बारा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात उभा राहिला. बसायची जागा शेटची होती. बारा वर्षांत त्याने मीठ तोललं, तांदूळ मोजला, तुंगार्लीच्या बंगल्यांवर डोक्यावरून चहासाखर पोचवली आणि गिऱ्हाइकाशी कधी वाद घातला नाही. त्यामुळे लोक त्याला भला माणूस समजत. भला असण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, हे फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सदतीस साली शेटचा भाचा मुंबईहून आला आणि राजमहंमदच्या उभं राहण्याच्या जागेवरही उभा राहू लागला. तेव्हा राजमहंमदने शेटकडे साठवलेले चारशे रुपये मागून घेतले आणि स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. शेटने पैसे दिले आणि वर आशीर्वादही दिला. दोन्हीही मोजून.

जागा रतनबाईची. रतनबाई विधवा. बाजाररस्त्यावरची एक खोली एवढीच तिची इस्टेट, आणि तिच्याबाबत ती कलेक्टरपेक्षा कडक. तीस रुपये अनामत घेऊन ती म्हणाली, "पाडव्याला दुकान उघडलं तर खोली तुझी. नाही उघडलं तर चिक्कीवाला दारात उभाच आहे."

"माझी अनामत?"

"ती चिक्कीवाल्याच्या अनामतीबरोबर राहील. एकटी कशाला ठेवू?"

राजमहंमदच्या घरात तेव्हा दुसरा काहीच आधार नव्हता. पाडव्याला फळी उघडली नाही तर जागा जाणार आणि शेटच्या दारात परत उभं राहायचं, तेही भाच्याच्या हाताखाली, एवढं स्वच्छ होतं.

म्युनिसिपालिटीतून निवृत्त झालेले अंबाजीराव शेजारीच राहत. निवृत्तीनंतर त्यांना फक्त एकाच गोष्टीची उणीव भासे, ती म्हणजे कोरे रकाने. राजमहंमद सल्ला विचारायला आला तेव्हा त्यांनी जुन्या रजिस्टरचा एक मोठा कागद काढला आणि पट्टीने रेघा मारल्या. "बाब. अंदाज. झालेला खर्च. फरक. कारण." पाच रकाने. "पहिले चार कुणीही भरतो," अंबाजीराव म्हणाले. "पाचवा रकाना मोकळा ठेवलेला मी चालवून घेत नाही."

यादी दोघांनी मिळून केली. दुकानातलं सामान म्हणजे फळ्यांची मांडण, गल्ल्याची पेटी, बैठक, दाराच्या फळ्या आणि एक काचेचं कपाट : सत्तर रुपये, त्यांतले बावीस कपाटाचे. अवजारं म्हणजे तराजू, वजनं, धान्याची मापं, तेलाचे डबे, नरसाळं : पंचेचाळीस. परवाने, म्हणजे तंबाखूचा, घासलेटचा आणि वजनमापांवरचा सरकारी शिक्का : पंधरा. पहिला माल : दोनशे वीस, त्यांतला तांदूळ ऐंशीचा. अनामत तीस. हातात वीस. बेरीज बरोबर चारशे.

"कपाट कशाला?" अंबाजीरावांनी विचारलं.

"तुंगार्लीच्या बंगल्यांवरच्या बायका साबण न् केसाला लावायचं तेल मागत्यात. ते काचेमागं असलं की जरा बरं दिसतं."

"बंगल्यातल्या बायका दुकानात येतात?"

"कपाट दिसल्यावर येतील," राजमहंमद म्हणाला. अंदाजाच्या रकान्यात लिहिता येणार नाही असं काहीतरी त्याने ठरवून टाकलेलं होतं. शेटच्या दुकानात तसं कपाट होतं. बारा वर्षं रोज सकाळी तो ते पुसत होता.

पहिले काही दिवस यादी मुकाट्याने वागली. सुतार सांगितल्या भावात आला. तराजू पुण्याहून आला. धान्याची मापं मात्र राजमहंमदने कार्ल्याला एका मोडलेल्या दुकानातून घेतली. पितळी, जड, स्वस्त. जैतुनबी, त्याची बायको, ती घासून पार लख्ख करीत होती तेव्हा तिने एकदाच विचारलं, "एवढं रुंद तोंड कशाला?" राजमहंमद म्हणाला, "मापं अशीच असत्यात." बारा वर्षं तो अशाच मापांनी शेतकऱ्यांकडून तांदूळ मोजून घेत होता. देताना शेट दुसरी, उंच निमुळती मापं वापरी. राजमहंमदच्या हातात दोन्ही असत, डोक्यात मात्र घ्यायचं मापच माप म्हणून बसलं होतं.

मापांवर शिक्का मारायला वडगावला जावं लागे. वजनमापांचे निरीक्षक तिथे ठरल्या दिवशी बसत. पहिल्या फेरीला ते दौऱ्यावर होते. राजमहंमद गाडीचं तिकीट आणि चहा एवढा खर्च करून परत आला. दुसऱ्या फेरीला निरीक्षक भेटले, सौम्य बोलण्याचे गृहस्थ. त्यांनी माप उचललं, तोंडावर पट्टी धरली, आणि राजमहंमदकडे बघून विचारलं, "हे घ्यायचं की द्यायचं?"

"दोन्हीचं, साहेब."

"असं कुठे असतं?" ते म्हणाले. "तोंड जेवढं रुंद तेवढी काठावरची रास, म्हणजे शीग, मोठी. चार शेरांच्या पायलीवर शीग भरली की शेरभर धान्य वर. म्हणून नव्या नियमात तोंड अरुंद आणि मोजणी काठोकाठ. वर काठी फिरवायची. ही मापं शिक्क्याची नाहीत."

"ठोकून बारीक करता येतील?"

"तांबटाला विचारा. मला नका विचारू."

या मापांनी माल मोजताना पकडलं तर दंड, हे त्यांनी तितक्याच सौम्यपणे सांगितलं. राजमहंमदने नवी, अरुंद, शिक्का मारायला योग्य मापं सात रुपयांना घेतली. जुनी कार्ल्याला कुणी परत घेईना. बारा वर्षांच्या अनुभवातून त्याला इतकं तरी कळत होतं की, विकलेला माल परत घेणारा माणूस व्यापारात टिकत नाही. शिक्के बसले. वडगावच्या फेऱ्यांनी परवान्यांच्या पंधराचे अठरा झाले. अंबाजीरावांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं : "साहेब दौऱ्यावर." मग मापांपुढे : "मापं रुंद."

पाडव्याला आठवडा उरला असताना कार्ल्याहून हौशीरामचा तांदूळ आला. हौशीराम थोराड शेतकरी. शेटच्या दुकानात तांदूळ घालायचा तेव्हा राजमहंमदच तो मोजायचा, रुंद मापाने, शीग भरून. त्याच हिशोबाने ऐंशी रुपयांत किती तांदूळ येईल हे राजमहंमदने ठरवलं होतं.

बैलगाडी रतनबाईच्या खोलीपुढे उभी राहिली. राजमहंमदने नवी पायली भरली, वर ओंजळ टाकून शीग चढवू लागला. हौशीरामने गाडीच्या साटीवरची काठी काढली आणि पायलीवरून सरकवली. शीग परत पोत्यात पडली.

"आबा, हे काय?"

"माप."

"शेटला तर शीग देता तुमी."

"शेटचं माप घरचं हुतं. घरच्या मापाला शीग देतात. तुज्या मापावर सरकारचा शिक्का हाय, राजाभाई. सरकारी मापाला शीग कशाची?"

"मी पहिल्यापासून तुमचा माणूस, आबा."

"व्हय, म्हनूनच तर गाडी हितं आणली. न्हाई तर शेटच्याकडं गेलो नसतो?" हौशीरामने बिडी पेटवली. "बारा वरसं माजी शीग तूच भरलीस. तवा मी काय बोल्लो न्हाई. मला वाटलं, नोकर मानूस, त्येची काय चूक. आता तूच शेट. आता बोलतो."

राजमहंमद मनातल्या मनात हिशोब करीत होता. शीग धरून पाच शेर घरात येत तेव्हा पैसे चार शेरांचे द्यायचे, असा तो अंदाज होता. आता काठोकाठ मोजायचं तर तेवढ्याच तांदळाला ऐंशीच्या जागी शंभर लागणार. वीस रुपये जास्त.

"थोडा कमी घेतो," तो म्हणाला.

"घे की. पण पाडव्याला बंगलेवाले आले न् तांदूळ संपला, तर ते कुटं जातील ठावं हाय ना?"

ते शेटकडे जातील हे दोघांनाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात मुंबईकर हवा खायला येतात आणि हवेबरोबर आंबेमोहोर. नव्या दुकानात पहिल्या दिवशी तांदूळ नसला तर दुसऱ्या दिवशी काय आहे हे विचारायला कुणी येत नाही.

संध्याकाळी कागद अंबाजीरावांपुढे पसरला. अवजारं बावन्न. परवाने अठरा. माल दोनशे चाळीस. अनामत तीस. सामान सत्तर. बेरीज चारशे दहा. हातात वीस राखायचे होते. ते गेले आणि वर दहा कमी.

"तांदळापुढे कारण काय लिहू?" अंबाजीरावांनी टाक शाईत बुडवला.

"महागाई लिहा."

"भाव वाढला का?"

"न्हाई."

"मग?"

जैतुनबी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "शीग लिहा. तीच तर गेली."

"शीग कुठल्याही खर्चाची बाब नाही," अंबाजीराव म्हणाले.

"बारा वर्षं दुसऱ्याची जमा होती, चाचा. आता आमचा खर्च आहे. लिहा की."

अंबाजीरावांनी लिहिलं. त्यांच्या नोकरीत असलं कारण त्यांनी कधी मंजूर केलं नव्हतं. तरी रकाना मोकळा राहण्यापेक्षा ते बरं. मग त्यांनी सामानाच्या ओळीतल्या कपाटावर बोट ठेवलं.

सुतार कपाटाचं काम धरायला उद्या येणार होता. राजमहंमद म्हणाला, "त्याला सांगा, नको." आणि तांदळाच्या पोत्यांकडे गेला, जणू तिथेच काही काम होतं. बावीस वजा केल्यावर खर्च तीनशे अठ्ठ्याऐंशी झाला. हातात बारा राहिले.

पाडव्याला गुढी रतनबाईने उभारली. खोली तिचीच होती आणि मुहूर्तही. तिने आत डोकावून फळ्या मोजल्या, तराजूचा काटा बघितला, मापांवरचे शिक्के नाकाजवळ धरून वाचले. "कपाट कुठाय?"

"मागाहून."

"बरं झालं. काच फुटली की भिंतीला ओरखडा येतो." ती चिक्कीवाल्याला निरोप द्यायला गेली.

साबण आणि तेलाच्या बाटल्या गल्ल्यामागच्या फळीवर मांडल्या होत्या. मागे जैतुनबीने लख्ख केलेली ती रुंद मापं उपडी ठेवली होती, आणि त्यांच्यावर बाटल्या. शिक्का नव्हता म्हणून त्या मापांनी मोजायचं नव्हतं. त्यांच्यावर काही उभं करायला हरकत नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक हौशीराम. त्याला तुरीची डाळ हवी होती. राजमहंमदने माप भरलं आणि काठी सरकवली. हौशीराम हात पुढे करून थांबला होता.

"थोडी वर टाक की, राजाभाई. पाडवा हाय."

"सरकारी माप हाय, आबा."

हौशीराम काठीकडे बघत राहिला. मग हसला, तोंडातली बिडी विझेपर्यंत. "शिकलास," तो म्हणाला, आणि डाळ धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. दारातून वळून विचारलं, "तांदूळ सपाट इकनार का?"

"जसा घेतला तसा."

"मग एकाच मापानं घेतोस न् देतोस म्हनल्यावर शेटची गिऱ्हाइकं तुज्याकडं येतील. शेटनं घेतलेली शीग कुणाला परत मिळाली न्हाई कदी."

गिऱ्हाइकं आली, पण लगेच नव्हे. भाचा भाव पाडून बसला होता. उन्हाळा जेमतेम निघाला. पुढे लढाईत तांदूळ रेशनच्या चिठ्ठीवर आला आणि सगळ्यांचंच माप सपाट झालं, तेव्हा राजमहंमदला काठी नव्याने शिकावी लागली नाही, एवढाच त्याचा फायदा. पंचेचाळीसच्या सुमारास त्याच्याकडे बावीस रुपये सहज होते. सुतार विचारून गेला. राजमहंमदने भिंतीकडे पाहिलं. जिथे कपाट यायचं होतं तिथे आता तांदळाची पोती होती, आणि पोती हलवली असती तर तांदूळ कमी ठेवावा लागला असता. अंबाजीरावांच्या कागदावर तांदळापुढच्या "शीग"च्या खाली कपाटाची वेगळी ओळ होती : अंदाज बावीस, झालेला खर्च काही नाही, फरक बावीस. कारणाचा रकाना अंबाजीरावांनी पाडव्याच्या आधीच भरला होता. तिथे लिहिलं होतं : "वरीलप्रमाणे."