बंद केलेलं कार्ड

नोकरी गेली तेव्हा मी घरी सांगितलं नाही. घरी म्हणजे फक्त वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि वडिलांच्या छातीचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष. डॉक्टरांनी त्यांना उभं राहायची कामं बंद करायला सांगितली होती. आयुष्यभर भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर उभा राहिलेला माणूस. माझी नोकरी गेल्याचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लेथसमोर जाऊन उभे राहिले असते. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून चाकणच्या कंपनीने आमची अख्खी क्वालिटी टीम काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी डबा घेऊन वेळेवर बाहेर पडलो. शिफ्ट बदलली आहे, आता बसने नाही, बाइकने जातो, असं सांगितलं आणि पिंपळे गुरवमधल्या एका अभ्यासिकेत जाऊन बसलो. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची पोरं, मध्ये चाळिशीचा मी. माझ्याकडे कुणी वर मान करून बघत नव्हतं, ते बरंच होतं.

कामाचा माणूस कामाशिवाय वेडा होतो, म्हणून मी नोकरी शोधण्याचंच काम केलं. इंटरनेटवर एक साधा बोर्ड उघडला, फुकटातला. पाच रकाने: अर्ज केला, रिक्रूटरशी बोलणं, इंटरव्ह्यू, ऑफर, बंद. प्रत्येक कंपनीचं एक कार्ड. कार्डावर पद, रिक्रूटरचा मेल, शेवटचं काय बोलणं झालं ते एका ओळीत, आणि पुढच्या फॉलो-अपची तारीख. अर्जानंतर सात दिवसांनी विचारायचं, इंटरव्ह्यूनंतर त्याच दिवशी आभाराचा मेल आणि पाच कामाच्या दिवसांनी चौकशी. तारीख उलटली की ती लाल व्हायची. दोन फॉलो-अपला उत्तर नाही आलं तर कार्ड सरळ बंदमध्ये. हा नियम मीच केला होता. लोकांच्या दारात किती वेळा उभं राहायचं, त्याला काही मर्यादा हवी की नको?

तिसऱ्या महिन्यात एकच कार्ड जिवंत होतं. चाकणचीच दुसरी, ब्रेकचे भाग बनवणारी कंपनी. इंटरव्ह्यू चांगला झाला होता. नंतर रिक्रूटर बाई गप्प. दोन मेल झाले. मी चिडून कार्ड बंदमध्ये टाकलं आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी ते कार्ड इंटरव्ह्यूच्या रकान्यात होतं. खाली नवी तारीख, आठ दिवसांनंतरची.

माझंच बोट लागलं असेल म्हणून मी ते परत टाकलं. त्याच दुपारी ते परत आलं. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. माझ्या डोळ्यांदेखत, कुणीही हात न लावता, दुसरं एक जुनं कार्ड बंदमधून उठून नाहीसं झालं; मागे सरकवून बघितलं तर अर्जांच्या रकान्यात जाऊन बसलेलं. मग त्याच्यावर तारीख उमटली. सावकाश काम होतं, घाई नव्हती. शेजारचा पोरगा इतिहासाच्या सनावळ्या पुटपुटत होता.

मेल उघडला. पाठवलेल्या मेलमध्ये चाकणच्या बाईंना तिसरा फॉलो-अप गेलेला, त्याच दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तेव्हा मी इथेच, याच खुर्चीत होतो. वाक्यं माझी होती. माझ्याच जुन्या मेलमधली, शब्द न् शब्द, फक्त तारीख बदललेली. खाली माझं नाव. मला वाटलं, मी इथे बसलोय ते खोटं आहे आणि खरा मी दुसरीकडे कुठेतरी बसून माझं आयुष्य नीट चालवतोय. हा विचार हास्यास्पद होता, पण मी हसलो नाही. तीन महिने कुणाशी खरं बोललं नाही की माणसाला स्वतःचीच खात्री उरत नाही.

खात्याच्या सेटिंगमध्ये गेलो. कुठल्या उपकरणांवर खातं चालू आहे ते तिथे दिसतं. दोन होती. एक माझा मोबाइल. दुसरा घरचा जुना कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर लिहिलेलं: आत्ता चालू.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच मी भर दुपारी घरी गेलो. सोसायटीत त्या वेळी माणूस नसतो. सगळे पहिल्या पाळीला नाहीतर झोपलेले. जिन्यात माझ्याच बुटांचा आवाज मला नकोसा झाला. दाराशी उभा राहिलो तर आतून एक एक बटण दाबल्याचा आवाज येत होता. दाबायचं, थांबायचं, शोधायचं, दाबायचं. मी किल्लीने हळूच दार उघडलं. वडील पाठमोरे बसले होते, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लागलेलं. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"डबा खाल्लास का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"चाकणचं कार्ड दोनदा बंदमध्ये टाकलंस. ती बाई न्हाई म्हणली का?"

"उत्तरच देत नाही, अण्णा."

"मग? आमच्या शॉपमध्ये पार्टी न्हाई म्हणेपर्यंत तिच्या कामाचं जॉब कार्ड फळीवरनं काढत नव्हते. एखादा जॉब महिनाभर लटकायचा. तारीख टाकायची आन् परत इचारायचं."

त्यांना कसं कळलं, हे मी विचारलं नाही, तुम्हाला कधीपासून माहीत, एवढंच विचारलं. पहिल्या आठवड्यापासून, ते म्हणाले. कॉम्प्युटरवर क्रिकेट बघायला बसले तर माझा बोर्ड आणि मेल उघडेच राहिलेले होते. मशीनच्या भागांची ड्रॉइंग वाचून वाचून त्यांना इंग्रजी पुरतं यायचं, आणि बोर्ड तर त्यांच्या शॉपमधल्या फळीसारखाच. तेव्हापासून रोज पहाटे डबा भरून माझ्या हातात देत होते आणि मी जिना उतरलो की कामाला बसत होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा रागच जास्त आला. मोठ्या आवाजात काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात पडद्याकडे लक्ष गेलं.

मोबाइलवर एका वेळी एकच रकाना दिसतो. बंदच्या पुढे मी कधी सरकलोच नव्हतो. मोठ्या पडद्यावर सहावा रकाना स्पष्ट दिसत होता. वर लिहिलं होतं, भोसरी. त्यात चार कार्डं. तीन वर्कशॉपच्या नावांपुढे 'वय जास्त म्हणाले.' चौथ्यावर 'लेथवर टर्नर, दिवसपाळी. दोनदा फोन केला. हो म्हणाले. सोमवारपासून.'

मी माऊस त्यांच्या हातातून घेतला आणि ते कार्ड ओढून बंदमध्ये टाकलं. त्यांनी माऊस परत घेतला आणि कार्ड जागेवर आणून ठेवलं. नेम चुकला नाही.

"तुझी ऑफर आली की तूच बंद कर," ते म्हणाले. "तोवर हात लावू नको."

सोमवारी ते गेले. मी अडवलं नाही. घरात पैसे संपत आले होते आणि मला ते ठाऊक होतं, म्हणून अडवलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

पाच आठवड्यांनी चाकणच्या त्या बाईंचा मेल आला. आधी निवडलेला माणूस रुजूच झाला नव्हता, आणि तुम्ही अजून विचारताय म्हणून तुम्हालाच ऑफर देतेय, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली माझा फॉलो-अप जोडलेला होता, चौथा. तो गुरुवारी गेला होता. गुरुवारी भोसरीच्या वर्कशॉपना सुट्टी असते, अण्णा घरी असतात. मी तो लिहिला नव्हता.