राहून गेले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कसं सांगणार?

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी रविवारी सकाळी नवोदितांना गझल शिकवायचो. नव्याने आयटीत लागलेली पोरं यायची. त्यांत वर्षा होती – यवतमाळची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. चार महिन्यांत तिने एक गझल आणली. तिच्या ऑफिसातला एकजण अमेरिकेला निघाला होता. त्याला ती गझल द्यायची, आणि मनातलं त्यातूनच सांगायचं – एवढंच तिचं म्हणणं.

*बोलले मी, सांगणे राहून गेले*
*चालले मी, थांबणे राहून गेले*

‘राहून गेले’ हा रदीफ, न बदलता शेवटी येणारा. त्याआधी ‘सांगणे’, ‘थांबणे’ हे काफिये, म्हणजे यमकाचे शब्द. दोन्हींत ‘णे’ कायम, आणि ‘णे’च्या आधीच्या अक्षरात स्वर ‘अ’ – ही अलामत. म्हणून इथे ‘गाणे’ चालणार नाही, त्यात ‘आ’ येतो. पहिल्या शेरात, मतल्यात, दोन्ही ओळींना काफिया-रदीफ हवा. पुढच्या शेरांत फक्त दुसरीला:

*हात हाती थांबला होता जरासा*
*नेमके ते मागणे राहून गेले*

प्रत्येक ओळ ‘गालगागा’, म्हणजे गुरू-लघू-गुरू-गुरू, तीनदा. पाच शेर, प्रत्येक आपापल्या पायावर उभा. एक मात्राही ढळलेली नाही – हे सगळं तिला मीच शिकवलं होतं. आणि असा एक मतला मला वीस वर्षांत सुचला नव्हता.

“सर, चुकलं का जी काही?”

मी कागद खाली ठेवला. “अलामत बिघडली आहे. ही गझलच नव्हे. असलं कुणाला दाखवू नका, हसतील.”

का बोललो? हेवा – दुसरं काय? तिने वाद घातला नाही. “मग नाही देत त्याला,” एवढंच म्हणाली. कागद तिथेच राहिला. तो मुलगा अमेरिकेला गेला. त्याला काही कळलंच नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी – पण नाही. वर्षभराने एका मुशायऱ्यात मी तो मतला म्हटला. ‘बोललो मी’, ‘चाललो मी’ – ‘ले’चं ‘लो’ केलं, वृत्तही मोडलं नाही. लोकांनी तीनदा म्हणायला लावला. वर्षा पाचव्या रांगेत होती, हे मला खाली उतरल्यावर दिसलं.

ती जवळ आली. आवाज चढवला नाही. “सर, अलामत बरोबर होती ना?”

तेव्हा तरी ‘हो’ म्हणता आलं असतं. भोवती माणसं होती, हातात गुच्छ होता. मी म्हणालो, “तुमची बिघडली होती. मी दुरुस्त केली.”

“बरं सर,” ती म्हणाली आणि गेली. वर्गाला पुन्हा आली नाही. तिने लिहिणं सोडल्याचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

माझ्या संग्रहातली पहिली गझल तीच आहे. खाली नाव माझं आहे.