वहिनीची पांढरी बोटं

पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आता कॅमेरा पेशींचे फोटो काढतो आणि आम्ही ते संगणकावर वाचतो. मी शिकले ते मात्र अंधाऱ्या खोलीत, प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या शेजारी बसून. मायक्रोस्कोप दोघींना एकदम बघता येईल असा होता.

काचपट्टीवरच्या पेशींवर रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, घालायचा. पेशीच्या केंद्रकाशी भांडणाऱ्या अँटीबॉडी त्यात असल्या, तर त्या चिकटतात आणि वरून घातलेल्या चमकत्या रंगानं हिरव्या उजळतात. सगळं केंद्रक सारखं उजळलं तर होमोजिनियस, रवा सांडल्यासारखं दिसलं तर स्पेकल्ड. मॅडमचा एक धोशा असायचा, "आधी विभागणारी पेशी शोध. मधली गुणसूत्रं उजळलीत की काळी, ते बघ. मग बोल."

मी शिकत होते त्या वर्षी भातलावणीला आमच्या गावी, हिर्डोशीला गेले होते. आई गेल्यावर मला वाढवलं ते वहिनीनं. भोरच्या कॉलेजात जायचे तेव्हा पहाटे उठून माझा डबा तीच करायची. लावणी करताना तिनं चिखलातून हात वर काढला, तर तिची बोटं खडूसारखी पांढरी. मग निळी पडली. कातडीही ताठ लागली.

"वहिनी, हे कधीपासून?"

"लई दिस झालं. गार पान्यानं व्हतंय. काय न्हाई त्याचं."

मी ऐकलं नाही. तिला एसटीनं पुण्याला आणलं, डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीच ही तपासणी सांगितली.

वहिनीच्या सीरमची पट्टी मॅडमनी लावली. मी डोळा टेकवला. केंद्रकं जवळजवळ अंधारीच होती; प्रत्येकात फक्त दोन-चार गोल थेंब लखलखत होते. स्पेकल्डमध्ये ठिपके बारीक आणि पुष्कळ असतात. हे मोठे, मोजके, म्हणजे केंद्रकाच्या आतल्या केंद्रिका. विभागणाऱ्या पेशीतली गुणसूत्रं काळीच.

"न्यूक्लिओलर," मी म्हणाले.

मॅडमनी स्वतः बघितलं, मान हलवली. "बरोबर. पण हा नमुना आहे, रोग नाही. निरोगी माणसातही कधी दिसतो. ही बोटं आणि कातडी बघता डॉक्टर स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कडक करणारा रोग, शोधतील. तो फुप्फुसांतही जातो, म्हणून ती तपासायला सांगतील. घाबरू नकोस."

तसंच झालं. रोग तोच निघाला. फुप्फुसांना नुकतीच झळ लागली होती, म्हणून औषध वेळेवर सुरू झालं. रोग गेला नाही, पण थोपला.

मॅडम पुढं निवृत्त झाल्या. त्यांच्या साडीला येणारा कापराचा वास अजून आठवतो.

वहिनी आता चिखलात उतरत नाही. लोकरीचे हातमोजे घालून बांधावर बसते आणि दादावर ओरडते, "आवो, लई दाट लावताय. जरा लांब लावा की."

दादा "व्हय, व्हय" म्हणतो आणि तसंच दाट लावतो.