क्वार्टरसाठी अर्ज, मसुदा पहिला

बायकोची नागपूरला बदली झाली, तेव्हा मुलगी बारावीत होती. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर नियमाने सोडावं लागणार होतं. मुलांच्या शिक्षणासाठी ते काही काळ ठेवायची परवानगी मिळते. त्यासाठी अर्ज करायचा होता. तिच्याकडे सामानाची बांधाबांध होती. "अर्ज मी लिहितो," मी म्हणालो. वृत्तपत्राच्या दिल्ली कार्यालयात मी वर्षानुवर्षं इतरांच्या बातम्या कापत आलो होतो.

अर्ज इंग्रजीत, अडीच पानांचा झाला. मराठीत त्याची सुरुवात साधारण अशी: "सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदाराची बदली करण्यात आली असल्याच्या वस्तुस्थितीमुळे कुटुंबासमोर एक अत्यंत गंभीर स्वरूपाची परिस्थिती निर्माण झालेली आहे." पुढे दिल्लीतली घरभाडी, शिक्षणाचं महत्त्व आणि बायकोची निष्ठावान सेवा. शेवटचा मजकूर मला विशेष आवडला होता.

मुलीने तो उभ्यानेच वाचला. "बाबा यार, मागतोयस काय?"

"दुसऱ्या पानाच्या शेवटी आहे."

"तिथपर्यंत कोण जाणार?" बायको आतून म्हणाली. "आमच्याकडे साहेब पहिला परिच्छेद वाचतात. त्यात मागणी नसेल, तर कागद खुलाशासाठी परत येतो. तोपर्यंत मुदत संपते."

हाच नियम मी शिकाऊ वार्ताहरांना जरा चढ्या आवाजात सांगत असे.

मी कापायला बसलो. मागणी वर आणली. "बदली करण्यात आली असल्याच्या वस्तुस्थितीमुळे"चं "बदली झाल्यामुळे" केलं. "परीक्षेच्या कालावधीची समाप्ती होईपर्यंत" या शब्दांतून "परीक्षा संपेपर्यंत" उरलं. घरभाडी गेली, निष्ठाही गेली. मग हात थांबेना. शेवटी एकच वाक्य राहिलं: "माझी बदली झाली आहे, क्वार्टर ठेवू द्यावं." ते मी अभिमानाने टेबलावर ठेवलं.

"का ठेवायचं? कधीपर्यंत?" बायकोने विचारलं. "अरे, तू मथळा लिहिलायस."

साहेबांना निर्णय घ्यायला जे लागतं, तेच मी काढलं होतं. तिसरा मसुदा चार वाक्यांचा झाला: "मुलीची बारावीची परीक्षा संपेपर्यंत हे क्वार्टर ठेवण्याची परवानगी द्यावी. माझी नागपूरला बदली झाली आहे. मुलगी दिल्लीतच शिकते. बदलीचा आदेश आणि शाळेचा दाखला सोबत जोडला आहे."

"बिल्कुल," म्हणत तिने सही केली. माझी अडीच पानं मुलीने गणितं सोडवायला घेतली. मागची बाजू कोरी होती.

मुदतीच्या आत उत्तर आलं. अख्ख्या पानाचं एकच वाक्य. परवानगी मिळाली की नाकारली, हे कळायला मला ते तीनदा वाचावं लागलं. मिळाली होती, परीक्षा संपेपर्यंत. मी सवयीने पेन्सिल उचलली. बायकोने ती काढून घेतली.

"यातला एकही शब्द कापायचा नाही," ती म्हणाली. "यावर घर आहे."