गेटवरचा प्रश्न

नवापूरच्या एका हॅचरीत मी रात्रपाळी करतो. अंडी उबवायच्या यंत्रांवर लक्ष ठेवायचं काम. घराण्यातला पहिला पदवीधर मी. धाकटा भाऊही व्हायला हवा, म्हणून लोणखेड्याच्या त्याच्या कॉलेजचा खर्च मी उचलला. पगार पुरेना, म्हणून दिवसाचा जोडधंदा शोधत होतो.

शाळेची व्हॅन चालवायची विचारणा आली. पण पाळी सुटल्यावर मोटरसायकलवरसुद्धा माझे डोळे मिटतात. व्हॅनमध्ये लोकांची पोरं. नाही म्हटलं. शिकवणी घेतली, ती महिनाभरात बंद पडली. पोरं चारला येत, आणि मला कधी अकराला झोप लागे, कधी तीनला. मला वेळेला न बांधलेलं काम हवं होतं.

हे मी गावी आईवडिलांशी फोनवर बोललो होतो. एक दिवस दुपारी उठलो तर वडील दारात, आणि अंगणात त्यांनी गावाहून आणलेल्या आईच्या सहा गावरान कोंबड्या दाणे टिपत होत्या. कोंबडीला घड्याळ लागत नाही, जाग येईल तेव्हा दाणे टाक, असं त्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं.

पण हॅचरीत घरी पक्षी पाळणारा माणूस चालत नाही. त्याच्या अंगावरून रोग आत गेला तर सगळी पिल्लं जातात. म्हणून आत जाताना अंघोळ करून तिथले कपडे घालायचे, आणि सुपरवायझर गेटवर रोज विचारतो, घरी पक्षी आहेत का.

वडिलांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "शिकीसन कोंबडीले घाबराले लागना का रे? कोन सांगी तेस्ले?"

"मीच सांगसू," मी म्हणालो.

ते पाण्याला न शिवता कोंबड्या टोपलीत घालून बसस्टँडला गेले. मी अंगण झाडून काढलं. नोकरी गेली तर भावाचं कॉलेज गेलं. खोटं बोललो तर कुणाला कळणार नव्हतं.

संध्याकाळी गेटवर नेहमीचा प्रश्न आला.

"आज होते. परत पाठवले," मी म्हणालो.

सुपरवायझरने ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, "आत येऊ नको. मी बोलावेपर्यंत घरी थांब. पगार कापला जाईल."

पुन्हा बोलावतील की नाही, कळेना. बायको साड्यांना फॉल लावून देते. पिको मशीनवर, फॉल हाताने. बसून काय करू, म्हणून सुई घेतली. पहिला फॉल वाकडा गेला, तिने उसवला. साडी आज टाकली तरी बाई उद्या-परवा नेते. मधल्या कुठल्याही तासाला टाका घालता येतो. मला हवं होतं ते काम घरातच होतं, फक्त बायकांचं म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

काही दिवसांनी हॅचरीतून बोलावणं आलं. फॉल मी अजून लावतो.

पुढच्या खेपेला वडील आले, माझ्या मांडीवरची साडी बघून म्हणाले, "बीए करीसन हाई?"

"हो," मी म्हणालो, आणि दोरा तोडला. या वेळी ते पाणी प्यायले.